फुलका तव्यावर किती सेकंद? आच, टायमिंग आणि न फुगणाऱ्या पोळीचा हिशोब

माझा भाचा क्लाससाठी जळगावला रूम करून राहतो. गॅस आहे, तवा आहे, बहिणीने गावाहून लोकवन गहू दळून पाठवलेला आहे, आणि तरी पोरगं रोज संध्याकाळी शेवभाजीचं पार्सल आणून पावासोबत खातं. का रे म्हटलं तर म्हणे मावशी, माझ्या पोळ्या फुगतच नाहीत, गरम असतात तोवर ठीक, नंतर वाकवली की कडकन मोडते. त्याने मोबाईलवर बघून सगळं करून झालेलं, कणकेत दूध घातलं, दही घातलं, गरम पाण्याने मळून बघितलं, एकदा तर सोडा पण घातला म्हणे. मी म्हटलं रविवारी ये आणि तुझीच कणीक मळून घेऊन ये.

आला डबा घेऊन. कणीक दाबून बघितली तर चांगली मऊ होती, बोट दाबलं की खळगा हळूहळू भरून येत होता, म्हणजे कणकेत काही खोट नव्हती. मी डबे करते, रोज सकाळच्या साठ-सत्तर पोळ्या होतात, त्यामुळे एवढं कळतं की कणीक ठीक असून पोळी पापड होत असेल तर गडबड शंभर टक्के तव्यावर आहे. त्या दिवशी आम्ही दहा फुलके केले, ह्यांच्या दुकानातली टेम्परेचर गन (हे मोटार वाइंडिंगचं काम करतात, गुंडाळी किती तापली ते बघायला असते ती) आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन. त्यावरूनच हे सगळं लिहिते आहे, म्हणजे नुसतं "तवा चांगला तापू द्या" असं मोघम नको.

आधी, पोळी फुगते कशाने

हे कळलं की पुढचं सगळं पाठ करावं लागत नाही. पोळीच्या आत पाणी असतं, तवा तापलेला असला की त्या पाण्याची वाफ होते, आणि एक ग्रॅम पाण्याची साधारण १७०० मिली वाफ होते. म्हणजे बघा, अख्खा फुलका टम्म फुगायला अर्धा ग्रॅम पाणी पण खूप झालं. कणकेत पाणी त्याच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे "फुगत नाही म्हणून कणीक अजून सैल मळा" हा सल्ला मला कधी पटला नाही. सैल कणकेने पोळी मऊ होते हे खरं, पण फुगायला पाणी कमी पडत नसतं. कमी पडतं ते वाफेला कोंडून ठेवणारं झाकण.

ते झाकण म्हणजे पोळीचे वरचे-खालचे दोन पापुद्रे. दोन्ही बाजू पटकन शेकून त्यांच्यावर पातळ साय धरल्यासारखी झाली, आणि मधलं अजून ओलं-मऊ असलं, की वाफ मधे सापडते आणि दोन्ही पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. आता यात वेळेचा खेळ आहे. तवा गार असेल तर साय धरायला वेळ लागतो, तोवर आतलं पाणी हळूहळू वरून उडून जातं, वाफ कोंडतच नाही आणि पोळी सुकत जाते. तोच पापड. तवा फार तापलेला असेल तर उलटं, साय एकसारखी धरत नाही, जिथे टेकली तिथे जळते, बाकी ठिकाणी कच्ची राहते, मग त्या जळक्या डागाला चीर पडते आणि तिथून वाफ फुस्स. म्हणजे दोन्हीकडून नापास.

तवा तापला हे ओळखायचं कसं

माझा तवा लोखंडी आहे, जाडजूड, मिडियम गॅसवर त्याला चार मिनिटं लागतात. बिडाचा असेल तर सात-आठ मिनिटं धरा, तो तापायला आळशी पण एकदा तापला की आच सोडत नाही. पत्र्यासारखा पातळ तवा दोन मिनिटात तापतो पण पोळी टाकली की तेवढ्याच पटकन गार पडतो, आणि मधे जळतो कडेला कच्चं ठेवतो. रूमवरच्या पोरांकडे बहुतेक हाच असतो. भाच्याकडे पण हाच निघाला. नॉनस्टिकवर फुलके करू नका, रिकामा तवा एवढा तापवायची ती वस्तूच नाही, कोटिंग खराब होतं.

आता मिनिटं मोजून भागत नाही कारण प्रत्येकाचा बर्नर वेगळा, सिलेंडर संपत आला की आच अजून वेगळी. म्हणून पिठाची खूण वापरा. चिमूटभर कोरडं पीठ तव्याच्या मधोमध टाका आणि मनात सावकाश मोजा. दहा-बारा मोजेपर्यंत पीठ बिस्किटाच्या रंगावर आलं तर तवा तयार. वीस मोजलं तरी पांढरंच आहे तर अजून थांबा. आणि तीन-चारलाच काळं होऊन धूर निघाला तर जास्त तापलाय. बघून झालं की ते पीठ कोरड्या फडक्याने पुसून टाका नाहीतर पहिल्या पोळीला कडू वास.

पाण्याचे थेंब टाकून पण बघतात. थेंब चर्र करून तिथेच पसरून आटला तर तवा अजून कमी तापलाय, थेंबाच्या गोळ्या होऊन त्या तव्यावर पळायला लागल्या तर तापला. पण ही खूण खाली सांगते, वर सांगत नाही. म्हणजे पुरेसा तापलाय एवढं कळतं, अति तापलाय का ते कळत नाही कारण गोळ्या तेव्हाही पळतातच. म्हणून मी पिठावरच जाते. बिडाच्या तव्यावर तर पाणी ओतायचंच नाही, तापलेल्या बिडाला एकदम गार पाणी लागलं की तडकतो, माझा एक असाच गेला.

गनने बघितलं तेव्हा पीठ बिस्किटी होत होतं त्या वेळेला तवा मधोमध २१५ ते २२५ डिग्री दाखवत होता. कडेला १८० च्या आसपास. (काळ्या लोखंडावर ही गन बऱ्यापैकी खरं दाखवते, चकचकीत स्टीलवर चुकीचं दाखवते, तर स्टीलच्या तव्यावर कोणी मोजत बसू नका.) माझ्या सासूबाई साक्रीकडच्या, त्यांनी आयुष्यात कधी डिग्री बघितली नाही, तव्यावर हात धरून तळव्याला आच लागली की "आते टाक" म्हणायच्या. गंमत म्हणून त्यांना विचारून विचारून मोजलं तर त्यांचं "आते" २२० ला येत होतं. आता बोला.

बाजूंचा हिशोब

उंडा ३८ ग्रॅमचा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा. लाटून साधारण १६-१७ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी कमी. दीड मिलीमीटर जाडी येते. कडा मधल्यापेक्षा जाड राहू देऊ नका, उलट कडा किंचित पातळ चालते, कारण तव्याची कड मधल्यापेक्षा गार असते आणि जाड कड तिथे कच्ची राहते. वरची पिठी हातावर झटकून टाका. ही पिठीच तव्यावर जळून काळी होते आणि पुढच्या पोळीला डाग देते.

पहिली बाजू: पोळी टाकली की बारा ते पंधरा सेकंद. बस. इथेच सगळे चुकतात. वरून बघत राहायचं, कच्च्या कणकेचा ओलसर रंग जाऊन वरची बाजू जरा मळकट, सुकल्यासारखी दिसायला लागते आणि बारीक बारीक पुटकुळ्या येतात, मोहरीएवढ्या. त्या दिसल्या की पलटा. खालच्या बाजूला तेव्हा डाग आलेले नसले पाहिजेत, आले तरी अगदी फिकट. भाचा या बाजूला चाळीस सेकंद ठेवत होता, "नीट भाजली पाहिजे ना" म्हणून. पण हीच बाजू पुढे ताणली जाऊन फुगणार आहे, तिला आधीच कडक केली तर ती ताणेल कशी? फुग्याचं रबर वाळलेलं असेल तर फुगतो का फुगा, तसंच.

दुसरी बाजू: पंचवीस ते तीस सेकंद. ही बाजू पूर्ण भाजायची. इथे मोहरीच्या पुटकुळ्यांचे हरभऱ्याएवढे फुगे होतात, मग दोन-तीन मोठे, आणि चांगली कणीक असेल तर पोळी इथेच एका बाजूने उचलायला लागते. सराट्याने (उलथण्याने) कडेने उचलून बघा, खाली मसूरएवढे तांबूस डाग सगळीकडे सारखे दिसले की झालं. मधेच पोळी तव्यावर गोल फिरवा एकदा, कारण बर्नरच्या ज्वाळांची एक बाजू नेहमी जास्त असते.

तिसरा टप्पा, शेकणं: आता चिमट्याने उचलून पहिली, कमी भाजलेली बाजू खाली येईल अशी सरळ आचेवर किंवा जाळीवर. गॅस फुल. पाच ते आठ सेकंदात टम्म. फुगली की लगेच उचला, "अजून थोडी" करू नका, त्या अजून थोडीत कडा वाळतात. आचेवर धरताना पोळी ज्वाळेच्या टोकाला, निळ्या गाभ्यात खुपसायची नाही, नाहीतर मधे भोक जळतं.

एकूण झाले पंचेचाळीस ते पन्नास सेकंद. एका मिनिटाच्या वर फुलका गॅसवर असेल तर तो वाळतोय असं समजा. हे उगाच नाही म्हणत, वजन करून बघितलं. ३८ ग्रॅमचा उंडा, पन्नास सेकंदात झालेला फुलका भरला ३२ ग्रॅम. भाच्याचा पहिला, मंद तव्यावर दोन मिनिटं भाजलेला, भरला २८. म्हणजे चार ग्रॅम पाणी जास्त गेलं, आणि एवढ्याशा पोळीत चार ग्रॅम म्हणजे मऊ आणि कडक यातला फरकच तेवढा.

रविवारचे दहा फुलके

पहिला त्याने नेहमीसारखा केला, मी काही बोलले नाही. तवा ठेवून दीड मिनिटात पोळी टाकली. गन म्हणे १४०. पोळी नुसती बसून राहिली, पुटकुळी नाही काही नाही, वरून पांढरी आणि वाळत चाललेली. चाळीस सेकंदांनी पलटली, मग परत पलटली, मग परत. असं चार वेळा. मग फडक्याने दाबून दाबून फुगवायला बघितलं, एका कोपऱ्यात चार बोटांचा फुगा आला आणि बसला. हाच तो २८ ग्रॅमवाला.

दुसऱ्याला मी तवा अजून तीन मिनिटं तापू दिला, पीठ टाकून बघितलं, अकरा मोजेपर्यंत बिस्किटी झालं. तेराव्या सेकंदाला पलटायला लावली, तो म्हणे मावशी कच्ची आहे, म्हटलं असू दे. दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस सेकंद, आचेवर सहा, आणि फुगली अशी की पोरगं चिमटा धरून नुसतं बघतच राहिलं. त्याच कणकेची, त्याच हाताची.

तिसरी जळली, आणि ही मला सगळ्यात महत्वाची वाटते. तो दुसरी पोळी फुगल्याच्या आनंदात, मग तिसरी लाटायला त्याला लागली दोन मिनिटं (शिकाऊ हाताला लागतातच), आणि तोवर रिकामा तवा त्याच मिडियम-फुल आचेवर. गनने दाखवले २८५. पोळी टाकली तर पाच सेकंदात खालून काळे ठिपके आणि धूर, पलटली तर तेच, आचेवर धरली तर अर्धी फुगली आणि काळ्या डागाजवळ फाटून वाफ निघून गेली. मधे तोडून बघितली तर आत चिकट कच्ची. बाहेरून जळालेली आणि आतून कच्ची.

तर मुद्दा हा की तव्याचं टायमिंग म्हणजे खरं लाटण्याचं टायमिंग आहे. माझं काय होतं, एक तव्यावर आहे तोवर दुसरी लाटून तयार, तव्याला रिकामं बसायला पंधरा-वीस सेकंदच मिळतात. आणि तेवढे मिळायला पण पाहिजेत, कारण पोळी उचलल्यावर तवा २२० वरून १९० ला उतरलेला दिसत होता आणि परत वर यायला वीस सेकंद घेत होता. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी दोन रस्ते. एक म्हणजे पोळी उचलली की गॅस सिम करायचा, लाटून होत आली की परत वाढवायचा. दुसरा, तीन पोळ्या लाटून ओल्या फडक्याखाली ठेवायच्या (मधे पिठी भुरभुरून, नाहीतर एकमेकींना चिकटतात) आणि तिन्ही लागोपाठ भाजायच्या. तीनच, दहा नाही. जास्त वेळ पडल्या की वरून वाळतात.

तवा जास्त तापलाच तर पाणी शिंपडू नका, गॅसवरून उचलून बाजूला ठेवा अर्धा-एक मिनिट, जळकं पीठ कोरड्या फडक्याने पुसा, परत पिठाची चिमूट. चौथ्याला आम्ही तेच केलं.

पाचवी एका बाजूनेच फुगली, दुसरी बाजू सपाट. तवा बरोबर होता, वेळ बरोबर होती. पोळी उजेडाकडे धरून बघितली तर सपाट बाजूला लाटताना पडलेली सुरकुती, चुण्यासारखी, आणि तिथे दोन पापुद्रे एकमेकांना दाबून चिकटलेले. उंडा करताना हातावर नीट गोल, भेग न ठेवता केला असता तर पडली नसती. अशा वेळी फडक्याची घडी करून फुगलेल्या भागावर हलके दाबायचं, वाफ सपाट भागाकडे ढकलली जाते, कधी सुटते कधी नाही. जोरात दाबलंत तर फुटते आणि वाफेचा चटका बसतो बोटांना, तो तव्याच्या चटक्यापेक्षा वाईट. आणि भोक पडलेली पोळी फुगवायच्या नादी लागू नका, नीट भाजून घ्या आणि खा, न फुगलेली पोळी पन्नास सेकंदात भाजली असेल तर ती पण मऊच लागते. हे कोणी सांगत नाही. फुगणं ही खूण आहे, मऊपणा पाणी किती राहिलं त्यावर आहे.

सहा ते दहा मधल्या चार फुगल्या, एक मीच बोलण्याच्या नादात वाळवली.

एप्रिल-मे मधे तेच टायमिंग चालत नाही

खानदेशात राहून उन्हाळ्याचं नाही लिहिलं तर काय लिहिलं. मे महिन्यात ४४-४५ डिग्री, हवा कोरडी ठणठणीत आणि स्वयंपाकघरात डोक्यावर पंखा. अशा वेळी लाटलेली पोळी पोळपाटावर मिनिटभर जरी पडली तरी तिच्या वर पातळ कोरडी पापडी धरते. ही साय नव्हे, ही भाजायच्या आधीच वाळलेली कातडी आहे, ती तव्यावर ताणली की बारीक भेगा पडतात आणि प्रत्येक भेगेतून वाफ जाते. मग बायका म्हणतात उन्हाळ्यात गहू चांगला येत नाही. गहू तोच असतो हो.

उपाय सोपा, उन्हाळ्यात एक लाटा एक भाजा, वरच्या तीन पोळ्यांचा सल्ला तेव्हा नाही. कणकेचं पातेलं ओल्या फडक्याने झाकलेलं. लाटताना आणि भाजताना पंखा बंद, घाम येतो पण काय करणार, पंख्याने गॅसची ज्वाळा पण एका बाजूला झुकते आणि तवा अर्धाच तापतो. पाणी माठातलं घ्या आणि दोन वाट्या म्हणजे साधारण पाव किलो पिठाला नेहमी १५५ मिली लागत असेल तर उन्हाळ्यात १६५ पर्यंत जा. कणीक वीस मिनिटं मुरली की पुरे, त्या गरमीत दोन तास ठेवली तर सैल पडून चिकटायला लागते आणि लाटायला जास्त पिठी लागते, आणि जास्त पिठी म्हणजे तव्यावर काळं.

थंडीत उलटं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी इतकी थंडी असते की कणीक दगडासारखी लागते, ती कोमट पाण्याने मळायची आणि अर्धा-पाऊण तास मुरू द्यायची. पहिल्या बाजूला पंधराऐवजी अठरा सेकंद लागले तर लागू द्या, पोळी गार असते म्हणून पुटकुळ्या उशिरा येतात. मोजण्यापेक्षा पुटकुळी बघा, ती ऋतू बघून येते.

घडीची पोळी, भाकरी आणि इंडक्शनवाले

वरचे आकडे साध्या फुलक्याचे आहेत. घडीच्या पोळीला आत तेलाचे पदर असतात, ते आधीच सुटे असल्याने ती तव्यावरच फुगते, आचेवर धरायची गरज नाही. पण ती जाड असते म्हणून आच थोडी कमी, पीठ पंधरा मोजेपर्यंत बिस्किटी होईल एवढीच, आणि एकूण सव्वा ते दीड मिनिट. डब्याला मी हीच देते, तेलामुळे दुपारपर्यंत मऊ राहते.

भाकरीचं शास्त्रच वेगळं. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, पापुद्रा धरायला काही नाही, म्हणून तर गरम पाण्याने मळतात आणि तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी वरची भेग भरून काढतं. कळण्याच्या भाकरीला, म्हणजे ज्वारी आणि उडीद दळून केलेल्या, उडदाचा चिकटपणा असतो म्हणून ती जरा सोपी जाते. पाणी सुकायच्या बेतात आलं की पलटायची, पूर्ण वाळली की तडकते. बाकी भाकरीवर वेगळं लिहावं लागेल, थापण्यातच अर्धा लेख जाईल.

इंडक्शनवर ज्वाळा नाही, त्यामुळे तिसरा टप्पा तव्यावरच. दुसरी बाजू झाली की परत पलटून फडक्याच्या घडीने कडेकडेने हलके दाबत गोल फिरवायची, पंधरा-वीस सेकंद. फुगते. फक्त इंडक्शनची आच कॉइलच्या गोलातच असते, तव्याच्या बाकी भागात कमी, म्हणून पोळी त्या गोलापेक्षा मोठी लाटायची नाही आणि तवा जाड बुडाचा घ्यायचा. एकदम जास्त वॉटवर ठेवून तवा तापवू नका, मधे जळका चट्टा पडतो, मधल्या वॉटवर पाच मिनिटं जाऊ द्या.

उतरवल्यावर

एवढं करून पोळी स्टीलच्या डब्यात गरमागरम एकावर एक रचली आणि झाकण लावलं तर वाफेचं पाणी होऊन खालच्या दोन ओल्या लगदा होतात. आणि उघडी ठेवली तर वाळते. मी दुरडीत सुती फडकं अंथरते, पोळी टाकते, फडक्याचं टोक वरून घेते. फडकं जास्तीची वाफ पिऊन घेतं आणि पोळीला लागेल तेवढी ठेवतं. सगळ्या झाल्या की पाच मिनिटांनी मग त्याच फडक्यासकट डब्यात. तूप लावायचं तर उतरवल्याबरोबर, गरम असताना. फ्रिजमधे ठेवू नका, फ्रिजच्या थंडीत पोळी बाहेरच्यापेक्षा लवकर निबर होते, उरलीच तर संध्याकाळी तव्यावर पाण्याचा हात लावून दहा-दहा सेकंद दोन्ही बाजू.

भाच्याला जुना जाड तवा दिला माझा, त्याचा पत्र्याचा ठेवून घेतला पापड भाजायला. परवा फोटो पाठवला त्याने, वांग्याचं भरीत आणि चार फुलके, खाली लिहिलेलं "पहिली बाजू १४ सेकंद". एकाच्या कडेला काळा डाग होता. विचारलं तर म्हणे फोन आला होता मधेच.